बाबांच्या ठेवीतले नऊ लाख बॅलन्स्ड फंडात : पत्राचा मसुदा वाचून सांगा

सोनचाफा

मी पुण्यात, आईबाबा नागपूरला खामल्यात. बाबा ७२, आई ६७. बाबा हिंगणा एमआयडीसीतल्या एका खासगी कारखान्यात अकाउंट्सला होते. पीएफवाली पेन्शन महिन्याला २,३४० येते आणि ती वाढत नाही. बाकी सगळं घर व्याजावर चालतं. पोस्टाच्या सीनियर सिटिझन योजनेत २० लाख आणि दोन बँकांत मिळून ३० लाखांच्या मुदत ठेवी, असे एकूण पन्नास. घरखर्च २९-३० हजार.

जूनमध्ये नऊ लाखांची ठेव सुटली. जुना दर ७.७५ होता, बँक नवीन ६.७५ सांगत होती. बाबांशी बोलून, त्यांच्या सहीने, ते नऊ लाख त्यांच्याच नावावर एका बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज फंडात टाकले. तेव्हा "तुला कळतं ते कर" म्हणाले. आता ऑगस्टअखेरचं स्टेटमेंट आलं, त्यात १६ हजार कमी दिसले, आणि तेव्हापासून फोनवर एकच विषय. फोनवर बोलणं वादावर जातं. बाबा कागदावरचं मात्र शांतपणे वाचतात, पेन्सिलीने खुणा करतात. म्हणून पत्र लिहितेय. मसुदा असा :

*ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि. तुमच्या ठेवीतले नऊ लाख मी फंडात का टाकायला सांगितले ते लिहिते. बँकेचं व्याज दर वर्षी कमी होतंय आणि महागाई वाढतेय. ठेवीच्या व्याजावर कर लागतो, फंडात कर कमी आहे. शिवाय फंडाचा परतावा लांबच्या काळात ठेवीपेक्षा चांगला असतो. थोडं खालीवर होईल, त्याची काळजी करू नका...*

पुढे असंच आहे. कुठे कमी पडतंय ते सांगा.

बर्डीवाला

पत्र झकास. कराचा मुद्दा अजून ठासून लिहा. ठेवीचं व्याज तुमच्या स्लॅबप्रमाणे लागतं, तीस टक्क्यांपर्यंत. फंडात वर्षानंतर विकलं तर सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काही नाही, पुढे साडेबारा टक्के. अकाउंट्सवाल्या माणसाला हा आकडा लगेच पटेल.

खतावणी

उलट अकाउंट्सवाला माणूस याच वाक्यावर पेन्सिल ठेवेल. बर्डीवाला म्हणतात तो नियम बरोबर आहे, पण या बाबांना तो लागू होत नाही. पोस्टाचे २० लाख ८.२ टक्क्यांनी वर्षाला १,६४,००० देतात. ३० लाखांच्या ठेवी आजच्या ६.७५ ने २,०२,५०० देतील. पेन्शनचे २८ हजार धरा. एकूण चार लाखांच्या आत. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून पहिल्या चार लाखांवर करच नाही. त्यांना ठेवीवर शून्य कर आहे आणि फंडावरही शून्यच राहील. मी लोकांची रिटर्न भरतो, म्हणून सांगतो : पत्रात एक आकडा खोटा निघाला की उरलेलं पत्र कुणी वाचत नाही.

दुसरं. "थोडं खालीवर" म्हणजे किती, ते रुपयांत लिहा.

काकू_महाल

पत्राचा नमुना मलाही हवा होता. आमच्या ह्यांच्या ठेवीवर बँकेने टीडीएस कापला, मॅनेजरला अर्ज कसा लिहायचा? कर बसत नाही म्हणून टीडीएस कापू नका असं सांगणारा १५एच फॉर्म द्यायचा राहिला होता.

खतावणी

काकू, हा धागा मुलीने बापाला लिहायच्या पत्राचा आहे 🙂 तुमच्यासाठी थोडक्यात : कापलेला टीडीएस बँक आता परत देणार नाही, रिटर्न भरून परतावा मागा. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांना एका बँकेत वर्षाला एक लाखापर्यंत व्याज असेल तर टीडीएस कापत नाहीत. व्याज त्याच्या वर असेल आणि कर बसत नसेल, तर १५एच एप्रिलमध्येच देऊन टाकत जा.

सेवानिवृत्त

सोनचाफाताई, मी तुमच्या वडिलांच्याच वयाचा, प्रतापनगरला राहतो. त्यांच्या बाजूने बोलतो.

तुम्ही पत्रात लिहिलं नाही ते हे. त्या नऊ लाखांचं व्याज दर महिन्याला खात्यात पडत असणार. जुन्या दराने पावणेसहा हजार. ते जुलैपासून बंद झालं. तुम्हाला सोळा हजार दिसतात, त्यांना पासबुकातली ती गेलेली ओळ दिसते. आमच्या वयात कमावणं संपलेलं असतं. पासबुकात दर महिन्याला ठरल्या तारखेला एक नोंद येणं हीच आमची पगारतारीख. ती गेली आणि वर मुलगी म्हणते काळजी करू नका. मीही वैतागलो असतो.

आणि स्पष्ट विचारतो, राग मानू नका. बहात्तराव्या वर्षी जास्तीचे दोन टक्के कशासाठी? पन्नास लाख पुरतात की.

सोनचाफा

काका, राग कसला. ती ओळ माझ्या खरंच डोक्यात नव्हती आली. व्याज तिमाही येत होतं, पण तुमचं म्हणणं तेच.

पुरतात का, हाच प्रश्न आहे. आज महिन्याला तीस हजार लागतात. महागाई सहा टक्के धरली तर दहा वर्षांनी त्याच घराला ५३-५४ हजार लागतील. व्याज तेवढंच राहील, उलट दर उतरला तर कमी होईल. २०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो दर, ६.५ वरून ५.५ वर आणला. ठेवीचे दर त्याच्या मागेच खाली आले.

सेवानिवृत्त

दहा वर्षांनी वडील ब्याऐंशीचे असतील. माणसाचा खर्च वयाबरोबर कमीही होतो. औषधं सोडली तर.

खतावणी

काका, वय वडिलांचं मोजू नका, आईंचं मोजा. त्या ६७ च्या आहेत. नव्वदीपर्यंत जगल्या तर हे पैसे आणखी २३ वर्षं पुरायला हवेत. वडिलांच्या मागे पीएफवाल्या पेन्शनमधली विधवा पेन्शन साधारण निम्मी होते, २,३४० ची ११७० च्या आसपास. म्हणजे त्या पूर्णपणे व्याजावर. नवरा नसताना, ८५ व्या वर्षी, आजच्याच व्याजात. हे कारण खरं आहे आणि बाबांना पटणारं आहे. कर, परतावा, लांबचा काळ हे सगळं खोडून एवढंच लिहिलं तरी पत्र उभं राहतं.

पण एक विचारायचं राहिलं. पोस्टाच्या योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, २०२३ च्या बजेटने मर्यादा पंधरावरून तीस केली. तुमच्या बाबांचे वीसच का?

सोनचाफा

त्यांना वाटतं मर्यादा संपली. आधी पंधरा भरले, नंतर पाच. पुढे कुणी विचारलं नाही.

खतावणी

मग फंडाच्या आधी हे करायला हवं होतं, पण अजूनही उशीर नाही. उरलेल्या २१ लाखांच्या ठेवींपैकी दहा लाख, जसजशा सुटतील तसतसे, पोस्टात न्या. मुदतीआधी मोडू नका, बँक व्याजात कापते. पोस्टात एकदा खातं उघडलं की त्या दिवशीचा दर पाच वर्षं तोच राहतो.

आता बेरीज करू. पोस्टात तीस लाख, ८.२ ने वर्षाला २,४६,०००. बँकेत अकरा लाख, ६.७५ ने ७४,२५०. दोन्ही मिळून महिन्याला २६,७००, त्यात पेन्शनचे २,३४०. झाले २९ हजार. म्हणजे फंडातल्या नऊ लाखांना हातही न लावता आजचा घरखर्च जवळजवळ निघतो. बंद झालेली ती ओळ पोस्टाच्या तिमाही व्याजात परत दिसेल. काकांच्या आक्षेपाला हेच उत्तर. बँकेचं व्याज या आकड्यावर टीडीएसच्या एक लाखाच्या मर्यादेच्या आत येतं, पोस्टात मात्र १५एच दर वर्षी द्यावा लागेल.

फंडाचं काम मग एकच उरतं : पुढच्या सात-आठ वर्षांनी व्याज अपुरं पडायला लागेल तेव्हासाठी वाढत राहणं.

ठेचा_भाकर

थांबा बा जरासे. बॅलन्स्ड फंड ऐकलं की माझ्या पोटात गोळा येते. २०१७ ले माझ्या सासऱ्याले बँकेतल्याच एका पोराने पाच लाख बॅलन्स्ड फंडात टाकायले लावले. म्हणे दर महिन्याले एक टक्का डिव्हिडंड, एफडीपेक्षा जास्त, टॅक्स पण नाही. सासरे खूश. वर्षभर चार-पाच हजार येऊन राहिले होते. मग २०१८ मध्ये मार्केट पडलं, डिव्हिडंड अर्धा झाला, मग कधी आला कधी नाही. अन् पाहतो तर मूळ पाच लाखांचेच सव्वाचार झालेले. बँकेत गेलो तर तो पोरगा बदलून गेला होता. काहून करता हे म्हाताऱ्या माणसाच्या पैशाचं?

खतावणी

तुमच्या सासऱ्यांसारखे त्या वर्षात खूप जण सापडतील. गडबड कुठे होती ते बघा. तो डिव्हिडंड म्हणजे व्याज नव्हे. फंडाच्या किमतीतूनच तेवढे पैसे काढून हातात देतात, आणि दिले त्या दिवशी युनिटची किंमत तेवढ्याने उतरते. बाजार चढत होता तोवर भरून निघत होतं, बाजार थांबला तेव्हा मुद्दलच वाटलं जाऊ लागलं. सेबीने पुढे, एप्रिल २०२१ पासून, या पर्यायाचं नावच बदलायला लावलं, आता नावातच 'भांडवल काढून घेणे' आलंय. आणि २०२० पासून हा डिव्हिडंड घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो, तो करमुक्तही राहिला नाही.

सोनचाफा, तुमचा ग्रोथ आहे ना, म्हणजे डिव्हिडंड न वाटता पैसे फंडातच ठेवणारा? आणि डायरेक्ट, म्हणजे थेट फंड कंपनीकडून, की बँकेतून?

सोनचाफा

ग्रोथ, डायरेक्ट. बँकेतला कुणी मधे नाही.

बर्डीवाला

ग्रोथच असेल तर घाबरायचं काय. बॅलन्स्ड म्हणजे निम्मं शेअर, निम्मे बाँड. पडला तरी निम्माच पडतो.

खतावणी

ते नावावरून वाटतं तसं नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात सेबीने वर्गवारी ठरवून दिली. पूर्वी ज्यांना सर्रास बॅलन्स्ड म्हणायचे ते बहुतेक आता अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिडमध्ये मोडतात, त्यात शेअर ६५ ते ८० टक्के. निम्मं-निम्मं ठेवणारा, ४० ते ६० वाला, बॅलन्स्ड हायब्रिड वेगळा. बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेजला तर बंधनच नाही, फंड मॅनेजर शून्यापासून शंभरपर्यंत बदलू शकतो. तिथे शेअरचा एकूण आकडा बघून फसायला होतं. कराच्या नियमासाठी बहुतेक जण तो ६५ च्या वर ठेवतात आणि त्यातला काही भाग वायद्यांच्या उलट सौद्याने झाकून टाकतात, म्हणजे बाजार पडला तरी त्या भागाला मार बसत नाही. महिन्याच्या फॅक्टशीटमध्ये 'नेट इक्विटी' नावाची ओळ शोधा, तो न झाकलेला भाग. बाजार पडला की खरा मार तेवढ्यालाच बसतो.

सोनचाफा

आत्ता काढून पाहिलं. एकूण ६८, नेट ४९.

खतावणी

मग पत्रातला पडझडीचा आकडा याच्यावर बांधा. २०२० मध्ये जानेवारीच्या शिखरापासून २३ मार्चपर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला. नेट इक्विटी निम्मी धरली तर फंड ढोबळमानाने १९-२० टक्के पडेल. नऊ लाखांचे सात लाख वीस हजार दिसतील. २००८ ची पडझड आणखी मोठी. सेन्सेक्स साठ टक्के गेला आणि जुन्या पातळीला पुन्हा लागायला नोव्हेंबर २०१० उजाडला. तसं झालं तर नऊचे सहा लाख तीस हजार, आणि कदाचित तीन वर्षं तसेच. हे दोन्ही आकडे लिहा. सोबत हेही, की पन्नास लाखांतले पावणेतीन लाख कमी दिसतील, उरलेल्या एक्केचाळीस लाखांवरचं व्याज एक रुपयाही कमी होणार नाही.

बर्डीवाला

असं पत्र वाचून कोणता बाप हो म्हणेल? तुम्ही त्यांना घाबरवताय.

सेवानिवृत्त

मी म्हणेन. मला आकडा आधी सांगितला असेल तर स्टेटमेंट उघडल्यावर धक्का बसत नाही. न सांगता सोळा हजार गेले तर मुलीने फसवलं असं नाही, पण मुलगी स्वतःच फसली असं वाटतं. अकाउंटंट माणसाला ते जास्त लागतं.

दोन गोष्टी आणखी घाला. पैसे कुणाच्या खात्यात परत येतात? आणि मी म्हटलं काढ, तर काढणार का? बाकी सगळं याच्यापुढे दुय्यम.

सोनचाफा

पैसे फक्त बाबांच्या नोंदवलेल्या बँक खात्यातच येतात, माझ्या खात्यात येऊच शकत नाहीत. विकल्यावर तीन कामाच्या दिवसांत. वर्षाच्या आत काढले तर आमच्या फंडात काही भागावर एक टक्का कापतात.

दुसऱ्या प्रश्नावर मी अडलेय. "म्हणाल तेव्हा काढून देईन" लिहिलं आणि बाजार खाली असतानाच ते काढा म्हणाले तर सगळा खटाटोप वाया.

बर्डीवाला

अजिबात लिहू नका! नेमकं तळाला विकतील. मार्च २०२० ला विकणारे असेच होते.

सेवानिवृत्त

पैसा त्यांचा आहे साहेब. तळाला विकायचा हक्कही त्यांचाच.

खतावणी

दोघंही बरोबर, यावर माझं मत अर्धवट आहे. मी माझ्या क्लायंटना लिहायला सांगतो की काढू, पण निर्णय घेतल्यावर पंधरा दिवस थांबू. काही जण त्या पंधरा दिवसांतही चिडतात.

सोनचाफा

सगळं धरून पुन्हा लिहिलं. लांबलंय, मधला भाग टाकते :

*...बाबा, कर वाचवायला हे केलेलं नाही, तुम्हाला कर बसतच नाही. जास्त व्याजाच्या लोभानेही नाही. आईसाठी केलंय. ती तुमच्याहून पाच वर्षांनी लहान. तिला नव्वदीपर्यंत घर चालवायचं असेल तर आजचे तीस हजार तेव्हा पुरणार नाहीत, आणि ठेवीचं व्याज वाढत नाही. तुम्ही हिशेब लिहीत होता तेव्हा १९९५ मध्ये किराणा किती यायचा ते जुन्या वहीत पाहा, ती अजून माळ्यावर असेल.*

*ठेवीतून पन्नासपैकी नऊच काढलेत. एक्केचाळीस लाख पोस्टात आणि बँकेत आहेत तसेच राहतील. पोस्टात तुमची मर्यादा संपलेली नाही, तीस लाखांपर्यंत जागा आहे. सुटणाऱ्या ठेवींतले दहा लाख तिकडे नेले की खात्यात महिन्याला सरासरी २९ हजार येतील, पोस्टाचे तीन महिन्यांनी एकदम. आकडेमोड सोबतच्या कागदावर आहे, तपासा.*

*आता नऊ लाखांचं. ऑगस्टला १६ हजार कमी दिसले. याहून वाईट दिसू शकतं. २०२० सारखं वर्ष आलं तर सात लाख वीस हजार दिसतील. २००८ सारखं आलं तर सहा लाख तीस हजार, आणि दोन-तीन वर्षं तसेच राहू शकतात. भरून येईलच अशी हमी कुणी देत नाही, मीही देत नाही. म्हणून यातला एकही रुपया पुढची पाच वर्षं घरखर्चाला लागणार नाही असं बसवलंय. औषधपाण्याला अचानक लागले तर आधी बँकेची ठेव मोडू.*

*फंड तुमच्या नावावर, नॉमिनी आई. विकले तर पैसे तुमच्याच पासबुकात. तुम्ही काढ म्हणालात तर काढेन. फक्त म्हणाल त्या दिवशी नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारेन आणि तेव्हाही हो म्हणालात तर दुसऱ्या दिवशी विक्रीला टाकेन...*

सेवानिवृत्त

आता हे पत्र वाटतं. किराण्याची वही चांगली. पंधरा दिवसांचं कलम मला आवडलेलं नाही, सांगून ठेवतो.

सोनचाफा

पत्र स्पीडपोस्टने गेलं होतं. बाबांचा आज फोन आला. पोस्टाच्या गणितात त्यांनी एक दुरुस्ती काढली : दहा लाख एकदम सुटत नाहीत, साडेचार डिसेंबरात आणि साडेपाच पुढच्या मेमध्ये, तोवर महिन्याचे २९ हजार येणार नाहीत असं लिहायला हवं होतं म्हणे. त्यांचं बरोबर आहे. नऊ लाख तिथेच राहू दे म्हणाले, पण त्यात एक रुपया वाढवायचा नाही. पंधरा दिवसांचं "बघू". आईला नॉमिनी केलंय तर तिला काय काय लागेल, ते वेगळ्या कागदावर लिहून पाठव म्हणाले. ते कुणी सांगेल का?

खतावणी

मृत्यूचा दाखला, आईंचं पॅन, त्यांच्या एकट्याच्या किंवा पहिल्या नावाच्या खात्याचा रद्द केलेला चेक, आणि युनिट नावावर करायचा फॉर्म. लोक अडकतात ते केवायसीवर. नॉमिनीचं केवायसी पूर्ण असल्याशिवाय युनिट नावावर चढत नाहीत, आणि त्या दिवसांत बाईला फोटो, सही, आधारचा ओटीपी करायला लावणं म्हणजे छळ. आईंचं आत्ताच करून टाका. आधारला मोबाईल नंबर जोडलाय का तेही पाहा, बऱ्याच घरी तिथे मुलाचा जुना नंबर असतो.

सोनचाफा

पॅन आहे, केवायसी नाही. नंबर दादाचा निघाला, कॉलेजमधला.

ठेचा_भाकर

खतावणी साहेब, माझ्या सासऱ्याचे ते सव्वाचार अजून तिथंच पडून आहेत, डिव्हिडंडवालेच. आता काढू का ग्रोथमध्ये नेऊ?

खतावणी

ग्रोथमध्ये नेणं म्हणजेही कागदोपत्री विकून पुन्हा घेणं, नफा असेल तर तो त्या वर्षी धरला जातो. वेगळा धागा काढा. त्यांचं वय, खर्च, बाकी ठेवी आणि फंडाचं स्टेटमेंट त्यात टाका, फोलिओ नंबर झाकून.